फिल्टरचा जोर आणि चेहऱ्याच्या कडा

फोटोला तैलचित्राचा फिल्टर लावला की सगळ्यात आधी बिघडतात ते डोळे. बुबुळातला उजेडाचा ठिपका नाहीसा होतो, वरच्या पापणीची रेघ तुटते आणि रोजच्या पाहण्यातला माणूस परका वाटू लागतो. त्याच वेळी मागची भिंत, साडीचा पदर, अंगणातलं झाड मात्र खरोखर रंगवल्यासारखं छान दिसतं. एकाच फिल्टरने फोटोचा एक भाग खुलवला आणि दुसरा घालवला. असं का होतं ते कळलं, की चांगलं चित्र करण्याचं निम्मं काम झालं.

हल्ली एकसष्टीला किंवा सहस्रचंद्रदर्शनाला आईवडिलांचा, आजीआजोबांचा फोटो ‘पेंटिंग’ करून कॅनव्हासवर छापून देण्याची पद्धत बरीच रूढ झाली आहे. फोनमधल्या ॲपवर बोट टेकवलं की दोन सेकंदांत चित्र तयार होतं. ते पडद्यावर बरं दिसतं, पण भिंतीवर लागल्यावर त्याचा नकलीपणा लपत नाही. फिल्टर वाईट असतो म्हणून असं होत नाही. तो सगळीकडे सारख्याच जोराने चाललेला असतो, म्हणून होतं. हा जोर कुठे किती ठेवायचा आणि कोणती कड राखायची, एवढ्या दोन गोष्टी हातात घेतल्या तर घरच्या संगणकावरही खूप चांगलं काम होतं. इथे मी GIMP हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम धरून चाललो आहे. तत्त्व मात्र फोटोशॉपला आणि फोनलाही तेच लागू पडतं.

फिल्टर आत काय करतो?

GIMP मध्ये Filters या मेनूतल्या Artistic गटात Oilify नावाचा फिल्टर आहे. त्याची कामाची रीत साधी आहे. तो फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलभोवती एक वर्तुळ धरतो. त्या वर्तुळातल्या सगळ्या पिक्सेलांची उजळपणानुसार गटवारी करतो, सगळ्यात जास्त पिक्सेल कोणत्या गटात आहेत ते पाहतो आणि त्या गटाचा रंग मधल्या पिक्सेलला देतो. थोडक्यात, हा बहुमताचा कारभार आहे. त्यामुळे जवळजवळच्या छटा एकत्र होऊन रंगाचे सलग पट्टे तयार होतात आणि ते कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखे दिसतात. वर्तुळ किती मोठं हे Mask Radius या आकड्यावर ठरतं.

बहुमताच्या कारभारात अल्पमताचं जे होतं, तेच डोळ्यातल्या ठिपक्याचं होतं. प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू. आजीचा कमरेपर्यंतचा उभा फोटो आहे असं धरा. फोनच्या 12 मेगापिक्सेल कॅमेऱ्याने काढलेला, म्हणजे 3000 पिक्सेल रुंद आणि 4000 पिक्सेल उंच. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत चेहरा साधारण 900 पिक्सेल भरतो. चित्रकलेच्या जुन्या हिशोबाप्रमाणे चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांएवढी असते, म्हणजे एक डोळा 180 पिक्सेलांचा झाला. त्यात बुबुळ सुमारे 70 पिक्सेल रुंद, आणि त्यावर चमकणारा उजेडाचा ठिपका जेमतेम 11 पिक्सेल.

आता Mask Radius 12 ठेवली, तर फिल्टरचं वर्तुळ 25 पिक्सेल रुंद होतं आणि त्यात सुमारे 490 पिक्सेल येतात. उजेडाच्या ठिपक्यात आहेत फक्त 95. त्याच्या मधोमध उभं राहून मोजलं तरी गडद बुबुळाचंच बहुमत आहे. ठिपका पुसला जातो आणि डोळा विझतो. हीच त्रिज्या 4 ठेवली तर वर्तुळात सुमारे 64 पिक्सेल येतात, ते सगळे ठिपक्याच्या आतच बसतात आणि ठिपका वाचतो. पापणीची रेघ, ओठांमधली फट, नाकपुडीची कड, कपाळावर आलेली केसांची बट यांचं भवितव्य याच हिशोबाने ठरतं. वर्तुळाच्या मानाने जी गोष्ट फार बारीक, ती जाते.

म्हणून फिल्टरचा आकडा ठरवण्याआधी फोटो मोठा करून डोळ्यातला ठिपका किती पिक्सेल रुंद आहे ते मोजावं. चेहऱ्यासाठीच्या वर्तुळाची रुंदी त्याच्यापेक्षा फार मोठी नको. दुसऱ्या कुणी सांगितलेला आकडा तुमच्या फोटोला चालेलच असं नाही, कारण त्यांच्या फोटोत चेहरा वेगळ्या आकाराचा असतो. लग्नातल्या समूहचित्रात चेहरा 100 पिक्सेलांचाच असेल, तर 4 ही त्रिज्यासुद्धा जास्त होते. अशा फोटोवर तैलचित्राचा फिल्टर लावूच नये, तो काही केल्या नीट दिसत नाही.

चित्रकार सगळीकडे सारखं रंगवत नाही

रेम्ब्रांची उतारवयातली व्यक्तिचित्रं पाहिली तर चेहऱ्यावर रंगाचं बारीक, थरावर थर दिलेलं काम दिसतं, आणि अंगरख्याकडे आल्यावर तोच हात मोठमोठे फटकारे मारून मोकळा होतो. आपल्या सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ अनेकांना तैलचित्र वाटतं. ते जलरंगातलं आहे आणि म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. दिव्यापुढे धरलेल्या हाताच्या बोटांमधून झिरपणारा उजेड आणि चेहऱ्यावरची त्याची आभा, इथेच आपली नजर जाऊन थांबते, कारण चित्रकाराने आपलं लक्ष तिथे वेचलं आहे. कोणती कड ठळक ठेवायची आणि कोणती आजूबाजूच्या रंगात विरू द्यायची, हा निर्णय चित्रकार क्षणोक्षणी घेत असतो. फिल्टर तो निर्णय घेत नाही. तो आपण घ्यायचा असतो.

संगणकशास्त्रातही हीच गोष्ट बऱ्याच आधी मांडली गेली आहे. 1998 मध्ये ॲरन हर्ट्झमन यांनी फोटोवरून चित्र करण्याची एक रीत प्रसिद्ध केली. आधी मोठ्या कुंचल्याने पूर्ण चित्र भरून घ्यायचं, मग ते मूळ फोटोशी ताडून पाहायचं आणि जिथे फरक जास्त आहे तिथेच लहान कुंचला फिरवायचा. त्यानंतर तिथेच आणखी लहान. बारीक काम सगळीकडे होत नाही, जिथे गरज आहे तिथेच होतं. घरी काम करताना हाच क्रम आपण थरांच्या म्हणजे लेयरच्या मदतीने पाळू शकतो.

आधी फोटो निवळून घ्यावा

फिल्टर लावण्यापूर्वी एक काम आवर्जून करावं. घरात कमी उजेडात काढलेल्या फोटोत गालावर, भिंतीवर बारीक रवाळ दाणे असतात. आपल्या नजरेला ते फारसे जाणवत नाहीत, पण फिल्टर त्यांचीही गटवारी करतो, आणि एकसारख्या गालावर वळवळणाऱ्या अळ्यांसारखे डाग उमटतात. शिवाय फोन स्वतःहून फोटो धारदार करतो. त्यामुळे खांद्याच्या किंवा डोक्याच्या कडेने एक बारीक पांढरी रेघ आलेली असते. फिल्टरनंतर ती रुंद होऊन माणूस कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

दाण्यांसाठी Filters मधल्या Enhance गटातला Noise Reduction हलक्या जोरावर लावावा. भिंतीवरचे दाणे गेले आणि भुवयांचे केस अजून सुटे दिसत आहेत, इतपत पुरे. पांढरी रेघ मात्र Clone या साधनाने हाताने, शेजारच्या पार्श्वभूमीचा रंग घेऊन बुजवावी लागते. पोर्ट्रेट मोडवर काढलेल्या फोटोत फोनने केसांभोवती चुकीची कापाकापी केलेली असते, तिथेही हेच करावं. शक्य असेल तर पोर्ट्रेट मोड बंद ठेवून काढलेला फोटोच निवडावा. मागचा भाग अंधुक करण्याचं काम आपला मोठा कुंचला करणारच आहे.

चार थरांचं काम

आता आजीच्या त्या फोटोवर प्रत्यक्ष काम करू. 12 × 16 इंचाच्या कॅनव्हासवर तो छापायचा आहे. 3000 पिक्सेल 12 इंचांत बसवायचे म्हणजे एका इंचात 250 पिक्सेल. हा हिशोब डोक्यात ठेवला की पडद्यावरचा फटकारा छापल्यावर केवढा दिसेल ते आधीच कळतं. 25 पिक्सेलांचा पट्टा अडीच मिलिमीटरचा होईल, 40 पिक्सेलांचा चार मिलिमीटरचा. एवढ्या आकाराच्या हाताने रंगवलेल्या चित्रात पार्श्वभूमीचे फटकारे याहून लहान क्वचितच असतात.

निवळलेल्या फोटोचा थर तळाशी ठेवून Ctrl+Shift+D दाबत त्याच्या तीन प्रती कराव्यात. तळाच्या फोटोला हात लावायचा नाही.

त्याच्यावरच्या पहिल्या प्रतीवर मोठा कुंचला. Oilify मध्ये Mask Radius 20 ठेवावी. या थरावर चेहरा अगदीच बिघडेल, त्याची काळजी नको. इथे फक्त भिंत, खुर्ची, मागचं झाड आणि पदराच्या मोठ्या चुण्या पाहायच्या. त्या सैल आणि भरदार दिसल्या की झालं. फिल्टरच्या खिडकीत Exponent नावाचा आणखी एक आकडा असतो. तो वाढवला की पट्ट्यांच्या कडा कडक होतात आणि कमी केला की रंग एकमेकांत मिसळतात. पार्श्वभूमीसाठी तो सुरुवातीला दिसतो त्याच्या निम्मा केला तर मागचे पट्टे मऊ होतात आणि चेहऱ्याशी स्पर्धा करत नाहीत.

दुसऱ्या प्रतीवर लहान कुंचला, Mask Radius 5. मग लेयरवर उजवी टिचकी देऊन Add Layer Mask निवडावं आणि Black (full transparency) हा पर्याय घ्यावा. सगळा थर दिसेनासा होतो. आता मऊ कडेचा मोठा ब्रश घेऊन पांढऱ्या रंगाने मास्कवर चेहरा, मान, हात आणि साडीचा काठ रंगवत गेलं, की तेवढ्याच भागात बारीक काम उघडं होतं. इथे ब्रशची कड मऊ असणं फार महत्त्वाचं आहे. जबड्याच्या रेषेवरून कापल्यासारखा मास्क केला तर चेहरा आणि मान वेगवेगळ्या चित्रांतून आणल्यासारखी दिसतात. कानाकडून केसांकडे जाताना ब्रशची Opacity तीस-चाळीसवर आणावी, म्हणजे बारीक काम हळूहळू मोठ्या फटकाऱ्यांत विरत जातं. केसांची बाहेरची कड पार्श्वभूमीत थोडी मिसळू द्यावी. रंगवलेल्या चित्राचा भास सगळ्यात जास्त तिथूनच होतो.

तिसऱ्या प्रतीवर फिल्टर लावायचाच नाही. ती आहे तशी, काळ्या मास्कसह सर्वांत वर ठेवायची. अगदी लहान ब्रशने, Opacity 40 ठेवून, मास्कवर फक्त बुबुळं, वरच्या पापणीची रेघ, नाकपुडीची कड आणि ओठांमधली रेघ उघडी करावी. आजीच्या नाकात नथ किंवा चमकी असेल तर तीही. गालावर आणि कपाळावर मूळ फोटो येऊ देऊ नये. तिथे त्वचेची बारीक छिद्रं दिसू लागली की चित्राचा भास लगेच मोडतो.

एवढं झाल्यावरही कधीकधी चेहरा थोडा मऊ, साबणाने धुतल्यासारखा वाटतो. अशा वेळी तळाच्या फोटोची आणखी एक प्रत सर्वांत वर आणून तिच्यावर Enhance गटातला High Pass लावावा, Std. Dev. 3 च्या आसपास. फोटो राखाडी होतो आणि फक्त कडा उरतात. त्या थराचं Mode बदलून Soft light केलं की राखाडी भाग जवळजवळ निघून जातो आणि कडांना थोडा उठाव येतो. याचाही मास्क करावा आणि तो चेहरा, हात आणि काठ एवढ्यापुरताच ठेवावा. पार्श्वभूमीच्या कडा पुन्हा धारदार केल्या तर आधीची मेहनत वाया जाते.

निम्म्या जोराचा सापळा

कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? फिल्टर लावावा आणि थराची Opacity 50 वर आणावी, जोर निम्मा झाला. फोनमधली बहुतेक ॲप्स जोर कमी-जास्त करायला जी एक पट्टी देतात, ती हेच करते. पण इथे एक अडचण आहे. Oilify कडा थोड्या सरकवतो आणि कोपरे गोल करतो. त्रिज्या 20 असेल तर एखादी बारीक कड काही पिक्सेल इकडची तिकडे होते. अशा चित्रातून खालचा फोटो निम्मा दिसू दिला की प्रत्येक कड दोनदा दिसते, एक फोटोतली आणि एक रंगातली. डोळ्यांभोवती आणि बोटांवर ही दुहेरी कड चटकन कळते. शिवाय रंगाच्या पट्ट्यांखालून त्वचेची छिद्रं डोकावतात. ते मग धड फोटोही राहत नाही आणि धड चित्रही होत नाही.

जोर कमी करण्याचे दोन मार्ग आहेत, वर्तुळ लहान करणं आणि थर पातळ करणं. आधी वर्तुळ लहान करावं. त्रिज्या पाच-सहावर आली की कडा फारशा सरकत नाहीत, आणि मग थराची Opacity 80 च्या आसपास आणली तरी दुहेरी कड दिसत नाही. मोठ्या त्रिज्येचा थर मात्र पूर्ण ठेवावा किंवा मास्कने पूर्ण झाकावा. तो अर्धामुर्धा पातळ करून कामाला येत नाही.

फोनवरच काम करायचं असेल तर एकाच फोटोच्या तीन प्रती कराव्यात: मूळ, हलक्या फिल्टरची आणि जोरकस फिल्टरची. थर आणि खोडरबर देणारं कोणतंही ॲप घेऊन जोरकस प्रत खाली, हलकी मध्ये आणि मूळ वर ठेवावी आणि नको तो भाग वरून खोडत जावं. बोटाने मास्क करणं जिकिरीचं असतं, पण क्रम तोच आहे. फोटोशॉपच्या Oil Paint मध्ये Stylization आणि Scale या पट्ट्या फटकाऱ्यांचं रूप आणि आकार ठरवतात, आणि Shine ही पट्टी रंगावर खोटी चमक आणते. चेहऱ्यावर ती अगदी कमी ठेवावी. तिचा उजेड एका ठरावीक दिशेने येतो, आणि फोटोतला उजेड दुसऱ्याच खिडकीतून आलेला असतो.

कार्टूनमध्ये कडच बोलते

कार्टूनच्या फिल्टरमध्ये गोष्ट उलटी होते. तैलचित्रात कडा हरवण्याची भीती असते, इथे नको तेवढ्या कडा उगवण्याची. GIMP चा Cartoon फिल्टर प्रत्येक पिक्सेलची तुलना आजूबाजूच्या सरासरीशी करतो आणि जो त्याहून गडद असेल त्याला काळ्याकडे ढकलतो. Mask radius रेघेची जाडी ठरवते आणि Percent black काळेपणा. अडचण अशी की या फिल्टरला चेहऱ्याची बाह्यरेषा आणि डोळ्याखालची सावली यांतला फरक कळत नाही. दोन्ही शेजारच्या त्वचेहून गडद, म्हणून दोन्हींवर काळी रेघ. आजीच्या कपाळावरची प्रत्येक सुरकुती शाईने गिरवली जाते, नाकपुड्या काळे डाग होतात, आणि ऐंशी वर्षांची हसरी बाई आजारी दिसू लागते. पुरुषांच्या बाबतीत दोन दिवसांची दाढी काजळीसारखी उमटते.

शि. द. फडणीसांची मुखपृष्ठं किंवा मारिओ मिरांडांची गोव्यातली माणसं डोळ्यांपुढे आणा. दोघांच्या शैली वेगळ्या, पण चेहरे पाहिले तर रेघा अगदी मोजक्याच. नाकाला एक वळण, डोळ्यांना दोन ठिपके, हसण्याची एक रेघ. बाकीची सुरकुती न् सुरकुती त्यांनी सोडून दिलेली असते. फिल्टरकडून असं काही हवं असेल तर रेघा उमटण्याआधी फोटोतले बारीक फरक कमी करायला हवेत.

त्यासाठी Blur गटातला Selective Gaussian Blur कामाला येतो. तो आजूबाजूचे पिक्सेल मिसळतो, पण रंगातला फरक ठरावीक मर्यादेच्या आत असेल तरच. ही मर्यादा म्हणजे Max. delta. ती 0.15 ठेवली तर गालावरच्या पुसट सुरकुत्या आणि त्वचेचे डाग मिसळून जातात, पण केस आणि कपाळ किंवा पदर आणि भिंत यांच्यातली कड टिकते, कारण तिथला फरक मोठा असतो. Blur radius 10 ठेवून हे एकदा करावं, गरज वाटली तर पुन्हा एकदा. चेहरा मातीच्या बाहुलीसारखा गुळगुळीत होऊ लागला की थांबावं. त्याआधीची पायरी बरोबर होती.

मग या प्रतीची आणखी एक प्रत करून तिच्यावर Cartoon लावावा, Percent black सुरुवातीच्या आकड्याच्या निम्म्याने. खालची प्रत रंगासाठी, वरची रेघांसाठी. वरच्या थराला Mode म्हणून Darken only द्यावा आणि पांढरा मास्क जोडावा. आता मास्कवर काळ्या रंगाने गाल, डोळ्यांखालचा भाग, हनुवटीखालची सावली आणि गळ्यावरच्या वळ्या पुसून टाकाव्यात. पुसताना सगळ्याच सुरकुत्या घालवू नयेत. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या हसण्याच्या दोन-तीन रेघा राहू द्याव्यात, माणसाची ओळख बऱ्याचदा त्यांच्यातच असते. बाह्यरेषा पूर्ण जोराची, आतल्या रेघा निम्म्या जोराच्या, एवढा फरक ठेवला की चित्र हाताने काढल्यासारखं दिसायला लागतं. नक्षीदार साडी असेल तर तिच्यावरच्या रेघा जवळजवळ सगळ्याच घालवाव्यात, नाहीतर काळी जाळी होऊन नजर चेहऱ्यावरून तिकडे ओढली जाते.

जमलं की नाही, हे कसं ओळखायचं?

काम करताना आपण फोटो खूप मोठा करून पाहत असतो आणि त्यात नजर फसते. प्रत्येक टप्प्यानंतर चित्र आधी 100 टक्क्यांवर पाहावं. तिथे दुहेरी कडा, डोक्याभोवतीची पांढरी रेघ आणि गालावरचे अळ्यांसारखे डाग सापडतात. मग ते 25 टक्क्यांवर आणावं. इथे तपशील दिसत नाही, फक्त मांडणी दिसते. नजर आधी चेहऱ्यावर गेली तर ठीक. ती पदराच्या नक्षीवर किंवा मागच्या झाडावर गेली, तर तिथला जोर चुकला आहे. फिल्टरच्या खिडकीतल्या Split view या खुणेवर टिचकी दिली की अर्धा भाग मूळ आणि अर्धा फिल्टरसह दिसतो. ओळख कुठे हरवली ते त्यात पटकन कळतं.

आणखी एक पारख म्हणजे त्या माणसाला ओळखणाऱ्या कुणाला तरी चित्र दाखवणं. “कसं झालंय?” असं विचारू नये, उत्तर नेहमी “छान” असंच येतं. “ही आजी कधीची वाटते?” असं विचारावं. वय जास्त सांगितलं तर रेघा जास्त झाल्या, खूप कमी सांगितलं तर चेहरा जास्त धुतला गेला.

काही फोटोंना हे सगळं करूनही यश येत नाही, हेही सांगायला हवं. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत चेहऱ्यावर छायाप्रकाश उरत नाही. मग फिल्टरला पट्टे पाडायला काही मिळत नाही आणि चेहरा सपाट थापून ठेवल्यासारखा दिसतो. व्हॉट्सॲपवरून चारदा फिरून आलेल्या फोटोत डोळ्यातला ठिपका आधीच गेलेला असतो. तो कोणताही थर परत आणत नाही. खिडकीशेजारी, एका बाजूने येणाऱ्या उजेडात काढलेला मूळ फोटो मिळवणं हे या कामातलं सगळ्यात मोठं भांडवल आहे.

शेवटी छपाईबद्दल. खऱ्या कॅनव्हासवर छापायचं असेल तर Apply Canvas सारखा पोताचा फिल्टर लावू नये, कापडाचं विणकाम आणि खोटं विणकाम एकावर एक येऊन जाळी दिसते. कॅनव्हासच्या विणीत बारीक तपशील थोडा दबतो, म्हणून डोळ्यांच्या कडा पडद्यावर वाटतात त्याहून किंचित ठळक ठेवाव्यात. आणि पूर्ण चित्र छापायला देण्याआधी चेहऱ्याचा 1000 × 1500 पिक्सेलांचा तुकडा कापून 4 × 6 इंचाच्या साध्या फोटो कागदावर छापून घ्यावा. मोठ्या चित्रात चेहरा जेवढा येणार आहे तेवढाच तो त्या कागदावर येतो. तो भिंतीला टाचणीने लावून चार पावलं मागे जाऊन पाहावा. डोळे जिवंत दिसले तरच मोठं चित्र छापायला टाकावं, नाहीतर लहान कुंचल्याच्या थराकडे परत जावं. एका छोट्या फोटोच्या खर्चात मोठ्या कॅनव्हासचा खर्च वाचतो.